फुटलेला पासवर्ड: तपासायचा कसा आणि बदलायची सुरुवात कुठून

*मांद्रेला आमचे घरगुती गेस्ट हाऊस आहे. परवा एक धमकीचा मेल आला. त्यात माझा पासवर्ड जसाच्या तसा लिहिला होता आणि बिटकॉइनमध्ये पैसे मागितले होते. तोच पासवर्ड मी जीमेल, बुकिंगच्या दोन साइट, नेट बँकिंग, फेसबुक सगळीकडे वापरते. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर ते सगळे सेव्ह करून ठेवलेले आहे. मुलगी म्हणते, जीमेलला रिकव्हरीसाठी अजून माझा जुना याहूचा पत्ता आहे, जो मी कित्येक वर्षांत उघडलेला नाही. पासवर्ड खरेच फुटला आहे का हे कसे बघायचे? आणि बदलायचे तर सुरुवात बँकेपासून करू ना?*

बँकेपासून नको, ताई. सुरुवात त्या याहूच्या पत्त्यापासून करा. वाचायला विचित्र वाटेल, पण तुमच्या सगळ्या खात्यांमध्ये आज सर्वांत कच्चा दुवा तोच आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

आधी त्या मेलबद्दल. असे मेल घाऊक पाठवले जातात. कुठल्यातरी साइटवरून पूर्वी चोरीला गेलेल्या माहितीची, म्हणजे जुन्या गळतीतली यादी घ्यायची, त्यातला पत्ता आणि पासवर्ड मजकुरात चिकटवायचा आणि 'तुमच्या कॅमेऱ्यातून चित्रण केले आहे' अशी भीती घालायची. 2018 पासून हा धंदा जोरात चालू आहे. त्या मेलमध्ये खरी गोष्ट बहुतेक एकच असते, ती म्हणजे पासवर्ड. पैसे देऊ नका, उत्तरही देऊ नका, पण मेल पुसूही नका, cybercrime.gov.in वर तक्रार करायची झाली तर तो लागेल. आणि हो, ज्या दिवशी खात्यातून न केलेला व्यवहार दिसेल, त्या दिवशी मी खाली सांगितलेला क्रम बाजूला ठेवायचा आणि आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरवर आणि बँकेला फोन करायचा. तसे काही झालेले नसेल तर घाई न करता, पण क्रमाने जाऊ.

तपासताना दोन वेगळे प्रश्न असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. माझा मेलचा पत्ता कुठल्या कुठल्या गळतीत आला आहे, हा एक. आणि हा पासवर्ड, मग तो कोणाचाही असो, चोरांच्या याद्यांमध्ये आहे का, हा दुसरा. दोन्हींसाठी haveibeenpwned.com हीच साइट वापरा. ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या माणसाने ती 2013 च्या डिसेंबरात सुरू केली आणि आजही या कामासाठी मी हिच्यावरच विसंबतो. नाव नीट टाइप करा. हिच्यासारख्या दिसणाऱ्या साइट असतात. पत्ता आणि पासवर्ड दोन्ही एकाच पानावर मागणारी कुठलीही 'तपासणी' साइट बंद करून टाका, कारण चोराला जी जोडी हवी असते तीच तिथे आपण हाताने देत असतो.

पहिल्या पानावर मेलचा पत्ता टाकलात की ज्या ज्या गळतीत तो सापडला त्यांची यादी येते. यादी लांब आहे म्हणून घाबरू नका. प्रत्येक नोंद उघडून दोनच गोष्टी बघा. काय काय गेले त्या रकान्यात Passwords हा शब्द आहे का? पुष्कळदा नुसते नाव, फोन आणि पत्ता गेलेला असतो. तेव्हा पासवर्ड बदलून काही साधत नाही, फक्त खोटे फोन वाढतात. दुसरी गोष्ट तारीख, आणि तारीख म्हणजे गळती झाली ती, जाहीर झाली ती नव्हे. लिंक्डइनमधून 2012 मध्ये चोरलेले बहुतेक पासवर्ड 2016 मध्ये बाजारात आले. मधली चार वर्षे लोक निश्चिंत होते. गळतीच्या तारखेनंतर तुम्ही तो पासवर्ड बदललेला नसेल तर तो गेलाच असे समजायचे. तुमचे सगळे पत्ते तपासा: जीमेल, याहू आणि गेस्ट हाऊसच्या नावाने एखादा असेल तर तोही.

दुसऱ्या प्रश्नासाठी त्याच साइटचे haveibeenpwned.com/Passwords हे पान आहे. इथे तुम्ही विचाराल, पासवर्ड फुटला का ते बघायला तोच पासवर्ड परक्या साइटवर टाकायचा? शंका रास्त आहे. त्या पानावर काय होते ते सांगतो, मग ठरवा. तुमचा ब्राउझर आधी तुमच्याच फोनमध्ये त्या पासवर्डचा एक चाळीस अक्षरी ठसा काढतो. त्याला हॅश म्हणतात. ठशावरून पासवर्ड सरळ उलटा काढता येत नाही, आणि एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. या चाळीस अक्षरांपैकी फक्त पहिली पाच साइटकडे जातात. तिकडून त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे, फुटलेल्या पासवर्डांचे शेकडो ठसे परत येतात, आणि त्यांत आपला आहे का ते जुळवण्याचे काम पुन्हा तुमचा फोनच करतो. म्हणजे विचारणारा नेमका कुठला पासवर्ड शोधत होता हे साइटला कळतच नाही.

तुमच्या मुलीला यावरही भरवसा नसेल आणि ती कॉम्प्युटरचे काही शिकत असेल, तर पान न उघडताही हे करता येते. लिनक्सवर असे:

```
read -rs P
printf '%s' "$P" | sha1sum
```

पहिल्या ओळीनंतर पासवर्ड टाइप करून एंटर दाबायचे. तो पडद्यावर दिसत नाही आणि कमांडच्या इतिहासातही साठत नाही. उदाहरणादाखल password हाच शब्द दिला तर हे येते:

```
5baa61e4c9b93f3f0682250b6cf8331b7ee68fd8
```

आता पहिली पाच अक्षरे पाठवायची:

```
curl https://api.pwnedpasswords.com/range/5BAA6
```

येणाऱ्या यादीत उरलेली पस्तीस अक्षरे, म्हणजे 1E4C9B93F3F0682250B6CF8331B7EE68FD8, शोधायची. त्यांच्यापुढे कोलन देऊन एक आकडा असतो. तो पासवर्ड याद्यांमध्ये किती वेळा सापडला त्याचा. इथे हुशार पोरेही दोन ठिकाणी फसतात. एक म्हणजे printf ऐवजी साधे echo वापरतात. echo शेवटी एक नवी ओळ जोडते, त्यामुळे ठसा भलत्याच गोष्टीचा निघतो आणि फुटलेला पासवर्ड 'सापडला नाही' असे वाटते. दुसरे म्हणजे आपल्याकडचा ठसा छोट्या लिपीत आणि आलेली यादी मोठ्या लिपीत असते. शोधताना तो फरक दुर्लक्षित करायला सांगितले नाही तर पुन्हा तेच. म्हणून आधी password हा शब्द टाकून बघायचे. तो सापडलाच पाहिजे. तो सापडला नाही तर चूक आपल्या पद्धतीत आहे.

निकाल वाचायचा कसा? आकडा आला तर तो एक असो की लाख, पासवर्ड गेला. तो तुमच्याच खात्यातून गेला की दुसऱ्या कोणी तोच ठेवला होता, याने फरक पडत नाही. चोर ती यादी यंत्राने एकामागून एक साइटवर चालवून बघतात. आपल्याकडे कुळदेवतेचे नाव, मग @ आणि लग्नाचे किंवा मुलाच्या जन्माचे साल असा पासवर्ड घराघरात आहे. त्यामुळे तो तुमच्याआधी दुसऱ्या कोणाकडून फुटलेला असण्याचीही शक्यता बरीच.

काहीच आले नाही तर? तर एवढेच कळले की या साइटला मिळालेल्या याद्यांत तो नाही. याहूची 2013 ची गळती घ्या. तीनशे कोटी खाती, म्हणजे तेव्हाचे झाडून सगळे याहूवाले. कंपनीने 2017 मध्ये हा आकडा मान्य केला. पण तो माल उघड्यावर आला नाही, म्हणून या साइटवर तुमचा याहूचा पत्ता टाकून ती गळती दिसणार नाही. शिवाय इथे हुबेहूब तोच पासवर्ड शोधला जातो. 2019 ऐवजी 2024 लावलेला भाऊबंद सापडत नाही, पण चोरांची अवजारे साल बदलून, शेवटी उद्गारचिन्ह लावून बघतातच. तुमच्या बाबतीत तर पुरावा मेलमध्येच लिहून आला आहे. 'सापडला नाही' असे आले तरी बदलायचे काम टळत नाही.

आता बदलण्याकडे वळू. पण त्याआधी एक गोष्ट नक्की करायची: कुठल्या यंत्रावरून बदलणार? रिसेप्शनचा तो कॉम्प्युटर या कामातून बाद. किनाऱ्यावरच्या गेस्ट हाऊसमधले असे कॉम्प्युटर मी पुष्कळ पाहिले आहेत. पाहुण्याचा पेन ड्राइव्ह लावून तिकिटे छापायची, पावसाळ्यात रिकाम्या वेळी पोरांनी त्यावर फुकटचे गेम आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर टाकायची, हे सगळीकडे चालते. अशा सॉफ्टवेअरमधून एक प्रकारचे चोर प्रोग्रॅम येतात, जे ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड एका फटक्यात उचलून पाठवतात. सोबत लॉगिन चालू असल्याची खूण, म्हणजे कुकी, तीही नेतात. ती हातात असेल तर चोराला पासवर्डही लागत नाही. अशा यंत्रावर बसून नवा पासवर्ड ठेवलात तर तोही त्याच संध्याकाळी जातो. हे ओळखायचे कसे? पासवर्ड बदलल्यावर थोड्याच दिवसांत नवाही वापरला गेल्याचे दिसते, किंवा एकमेकांशी काही संबंध नसलेल्या खात्यांतून एकाच आठवड्यात 'नवीन ठिकाणाहून लॉगिन' अशा सूचना येतात. haveibeenpwned च्या यादीत stealer logs अशी नोंद दिसली तर संशयच उरत नाही. म्हणून तुमचा स्वतःचा अपडेट केलेला फोन आणि मुलीचा लॅपटॉप, एवढ्यांवरूनच काम करा, आणि गेस्ट हाऊसच्या वायफायऐवजी मोबाइल डेटावर. रिसेप्शनचे यंत्र विंडोज नव्याने टाकेपर्यंत बंद ठेवा. नव्याने टाकण्याआधी पाहुण्यांची बिले वगैरे कागदपत्रे तेवढी काढून घ्या, प्रोग्रॅम सोबत घेऊ नका.

मग एक कागद घ्या. डावीकडे खात्याचे नाव, मध्ये 'पासवर्ड विसरलात?' दाबल्यावर लिंक कुठल्या पत्त्यावर जाते ते, आणि उजवीकडे ओटीपी कुठल्या नंबरवर येतो ते लिहा. खाती आठवत नसतील तर फोनवर passwords.google.com उघडा. तिथल्या तपासणीत फुटलेले पासवर्ड आणि एकच पासवर्ड वापरलेली खाती वेगवेगळी मांडून दाखवतात, त्यामुळे निम्मा कागद आपोआप भरतो. तुमच्या प्रश्नात जेवढे आहे त्यावरून तुमचा कागद साधारण असा असेल: फेसबुकची लिंक जीमेलवर, दोन्ही बुकिंग साइटची लिंक जीमेलवर, बँकेचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर, आणि जीमेलची वाट याहूवर. याहूची कुठेच नाही, किंवा एखाद्या बंद पडलेल्या नंबरवर.

क्रम हा कागदच सांगतो. जे खाते दुसऱ्याचे कुलूप उघडू शकते ते आधी. फेसबुकचा पासवर्ड कितीही भक्कम केलात आणि जीमेल जुन्याच पासवर्डवर राहिले, तर चोर जीमेलमध्ये शिरतो, फेसबुकला 'विसरलो' म्हणतो आणि तुमचा नवा पासवर्ड पुसून स्वतःचा ठेवतो. जीमेल बदलले आणि याहू राहिले, तर तोच खेळ एक पायरी वरून होतो. कागदावरच्या सगळ्या वाटा उलट जात शेवटी जिथे थांबतात, तिथून सुरुवात करायची. तुमच्याकडे ती जागा दोन ठिकाणी आहे, याहू आणि सिमकार्ड.

याहूचे खाते उघडून बघा. उघडले, तर लगेच पासवर्ड बदला आणि रिकव्हरीला तुमचा आताचा नंबर द्या. बारा महिने न उघडलेली पेटी याहू रिकामी करते, त्यामुळे आत जुने काही नसेल. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. मुलगी म्हणेल, आई, जीमेलमधून तो पत्ताच काढून टाक की, याहूच्या भानगडीत कशाला पडतेस? काढायचा आहेच. पण जीमेलमधला रिकव्हरी पत्ता बदलला तरी गूगल सात दिवसांपर्यंत जुन्या पत्त्यावर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकते. ही सोय खऱ्या मालकासाठी आहे, म्हणजे कोणी पत्ता बदलून खाते बळकावले तर त्याला परत येता यावे म्हणून. पण याहू चोराच्या हातात असेल तर हेच सात दिवस त्याच्या कामी येतात. म्हणून आधी याहूचे कुलूप बदला, मग जीमेलमधून त्याला काढा. याहू उघडतच नसेल, तर मात्र जीमेलमधून आजच काढा आणि तो आठवडा जीमेलच्या सूचनांवर नजर ठेवा. 2013 मध्ये याहूने वापरात नसलेले पत्ते मोकळे करून नव्या लोकांना दिले होते, तेव्हा 'माझा जुना पत्ता माझाच राहतो' हे कुठल्याही कंपनीच्या बाबतीत गृहीत धरू नका.

सिमचे काम थोडक्यात आहे. ओटीपी येणारा नंबर तुमच्याच नावावर आहे ना ते पाहा. sancharsaathi.gov.in वर तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत तेही कळते. घरच्या कोणाच्या नावावर सिम असेल तर ते चालेल, पण ते माणूस घरातलेच असावे.

आता जीमेल. एका खात्याच्या आतही क्रम असतो. आधी पासवर्ड बदलायचा, म्हणजे आत कोणी असलाच तर बहुतेक ठिकाणांहून बाहेर पडतो. मग सुरक्षेच्या पानावरची उपकरणांची यादी उघडून, ओळखीची नसलेली सगळी आणि रिसेप्शनचा कॉम्प्युटरही साइन आउट करायचा. त्यानंतर रिकव्हरीचा पत्ता आणि नंबर. आणि मग ते काम, जे जवळजवळ सगळे विसरतात: मेलचे फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघणे. चोर आत येऊन गेला असेल तर तो एक फिल्टर ठेवून जातो, की 'booking' किंवा 'OTP' शब्द असलेला मेल अमुक पत्त्यावर पाठव आणि इनबॉक्समध्ये दाखवू नकोस. पासवर्ड बदलल्याने तो फिल्टर मरत नाही. तुम्ही नवे कुलूप लावता आणि मागच्या खिडकीतून तुमची पत्रे जातच राहतात. हे फोनच्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही; मुलीच्या लॅपटॉपवर जीमेल उघडून सेटिंग्जमधले Forwarding and POP/IMAP आणि Filters and Blocked Addresses हे दोन्ही टॅब बघा. तुम्ही न केलेले काही असेल तर आधी त्याचा फोटो काढा, मग पुसा. शेवटी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि गूगल देते ते दहा बॅकअप कोड कागदावर छापून घ्या. फोन समुद्रात पडला तर तोच कागद कामाला येतो, आणि मांद्रेला फोन समुद्रात पडतात.

नवा पासवर्ड कसा असावा? जीमेलचा तेवढा तुम्ही लक्षात ठेवायचा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या. ते देवाचे, मुलांचे किंवा गावाचे नकोत. वहीत लिहून कपाटात कुलपात ठेवलात तरी माझी हरकत नाही. तुमच्या कपाटापर्यंत येणारा चोर आणि हा मेल पाठवणारा चोर वेगळे असतात. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड फोनमधल्या पासवर्ड मॅनेजरला बनवू द्या आणि सांभाळू द्या. मॅनेजर जीमेलनंतरच चालू करायचा, कारण गूगलचा असेल तर तो त्याच खात्यात राहतो. जुन्या पासवर्डच्या शेवटी 1 जोडून 'नवा' करायचा मोह मात्र टाळा.

मग बुकिंगच्या दोन साइट. यांना मी बँकेच्या आधी ठेवतो, आणि गेस्ट हाऊसवाल्यांना त्याचे नवल वाटते. कारण असे की आपल्याकडे नेट बँकिंगमध्ये नुसत्या पासवर्डवर पैसे हलत नाहीत, ओटीपी लागतो. यूपीआय तर सिम आणि फोनला बांधलेले असते. बुकिंगच्या खात्यात मात्र शिरले की शिरले. चोर तिथून तुमच्या येणाऱ्या पाहुण्यांना तुमच्याच नावाने निरोप धाडतो, की कार्डाची पडताळणी राहिली आहे, या लिंकवर पैसे भरा, नाहीतर खोली रद्द. पाहुण्याला निरोप खऱ्या साइटच्या आतून आलेला दिसतो, तो भरतो, आणि डिसेंबरात दारात येऊन तुमच्याशी भांडतो. म्हणून पासवर्ड बदलल्यावर तिथे तीन गोष्टी तपासा. पाठवलेले निरोप वाचा. पैसे जमा होण्यासाठी दिलेला बँक खात्याचा नंबर आकडा आकडा जुळवून बघा, कारण चोराने तो बदलला असेल तर पुढच्या हप्त्यापर्यंत कळतही नाही. आणि वापरणाऱ्यांची यादी उघडा. मागच्या सीझनला ठेवलेला मॅनेजर पावसाळ्यात गावी गेला, पण त्याचे लॉगिन चालू आणि ओटीपी अजून त्याच्याच नंबरवर, हे आमच्याकडे सर्रास सापडते. त्याने काही वाईट केले असे नाही, पण जुना पासवर्ड त्याच्याही फोनमध्ये सेव्ह आहे. ज्याला त्याला आपले स्वतंत्र लॉगिन द्या. एकच पासवर्ड तिघांनी वापरायची पद्धत इथेच थांबवा.

त्यानंतर बँक. पासवर्ड बँकेच्या अ‍ॅपमधूनच बदला, मेलमध्ये आलेल्या लिंकवरून नव्हे. नोंदवलेला मेलचा पत्ता आणि पैसे पाठवण्यासाठी जोडलेल्या लोकांची यादी पाहून घ्या. यूपीआय पिन हा वेगळा प्रकार आहे. तो या गळतीत जात नाही. पण तुमच्या पासवर्डच्या शेवटचे चार आकडे, एटीएमचा पिन आणि फोनचे कुलूप हे सगळे एकच साल असेल, तर तेही बदला.

विदेशी पाहुणे घेत असाल तर फॉर्म सी भरायचे लॉगिन कागदावर लिहायचे राहून जाते. पाहुणा आल्यापासून चोवीस तासांत भरायचे म्हणून त्याचा पासवर्ड बहुधा सोपा आणि सगळ्यांना ठाऊक असतो, आणि आत लोकांच्या पासपोर्टची माहिती असते. तो बँकेच्या पाठोपाठ बदला. फेसबुक, इन्स्टाग्राम त्यानंतर. तिथेही पासवर्ड बदलताना इतर सगळीकडून साइन आउट करण्याचा पर्याय निवडा आणि गेस्ट हाऊसच्या पानाचे अ‍ॅडमिन कोण कोण आहेत ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपला पासवर्ड नसतो, पण दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन ठेवता येतो, तो ठेवा. तुमची निम्मी बुकिंग तिथेच ठरत असणार.

उरली ती कपड्यांची, औषधांची, सिनेमाच्या तिकिटांची अ‍ॅप. याहू, जीमेल आणि बुकिंग हे एका संध्याकाळी उरका, बँक आणि फॉर्म सी दुसऱ्या दिवशी. ही बाकीची आठवडाभरात जमतील तशी. जी वापरत नाही ती खाती बदलत बसण्यापेक्षा बंदच करा, मात्र आत कार्ड सेव्ह असेल तर आधी ते काढा.

काम पूर्ण झाले की नाही ते असे कळते. लॅपटॉपवर ब्राउझरची खासगी खिडकी उघडा आणि कागदावरच्या पहिल्या पाच-सहा खात्यांत एकेकदाच जुना पासवर्ड टाकून बघा. प्रत्येकाने नाकारला पाहिजे. एखाद्याने आत घेतले तर तिथला बदल सेव्हच झालेला नाही, किंवा त्या साइटवर तुमचे दुसऱ्या पत्त्याने केलेले आणखी एक खाते आहे. हे दुसरे मी बुकिंगच्या साइटवर जास्त पाहतो. मग passwords.google.com वरची तपासणी पुन्हा चालवा. पुढचे दोन-तीन आठवडे न मागितलेले ओटीपी आणि 'पासवर्ड बदलण्याची विनंती' असे मेल येत राहतील. याचा अर्थ कोणीतरी दार ढकलून बघत आहे, दार उघडले असा नाही. ओटीपी कोणाला सांगू नका, मेलमधली लिंक दाबू नका. पण 'तुमचा पासवर्ड बदलला आहे' असा मेल आला आणि तुम्ही बदललेला नसेल, तर कागद पुन्हा काढा आणि त्या खात्याची वाट कुठे जाते ते बघून तिथून सुरू करा.